मोहफुलांतलं सुक्रोज आणि पावसाळ्यातलं पिरिडिन : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

पूर्व विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावचं हे महाविद्यालय. आजूबाजूच्या गावांतल्या बायका चैत्रात पहाटे मोहफुलं वेचतात, अंगणात वाळवतात. काही लगेच व्यापाऱ्याला विकतात, काही पोत्यात भरून ठेवतात. एका बचत गटाला या फुलांचा पाक आणि लाडू करून विकायचे होते. त्यांचा प्रश्न साधा होता: साठवलेल्या फुलांचा पाक पावसाळ्यात लवकर काळा पडतो, चवही बदलते, तर आतली साखर बदलते का?

सुकलेल्या मोहफुलाच्या वजनात साखरेचा वाटा निम्म्याच्या आसपास असतो. त्यातलं बहुतेक ग्लुकोज आणि फ्रुक्टोज, थोडं सुक्रोज. ओल लागली की सुक्रोज फुटून त्याचं ग्लुकोज-फ्रुक्टोज होतं. म्हणून सुक्रोजचं प्रमाण पाहिलं तर साठवणुकीचा अंदाज येईल, असं रसायनशास्त्राच्या मॅडमनी ठरवलं. त्यांच्याकडे एफआयडी, म्हणजे ज्वालेवर चालणाऱ्या डिटेक्टरचा गॅस क्रोमॅटोग्राफ, थोडक्यात जीसी होता, साखर द्रवातच मोजणारं एचपीएलसी नव्हतं. मी नागपूरच्या एका विश्लेषण प्रयोगशाळेत काम करतो. या प्रकरणात मी नंतर आलो, आकडे जुळेनात तेव्हा. ओळख पटेल असे तपशील इथे वगळले आहेत.

साखर थेट जीसीमध्ये जात नाही. तिच्यावरचे हायड्रॉक्सिल गट एकमेकांना इतके धरून असतात की ती उडण्याआधी जळते. त्या प्रत्येक गटातल्या हायड्रोजनच्या जागी ट्रायमिथाइलसिलिल गट बसवला की रेणू बाष्पशील होतो. यालाच सिलिलेशन म्हणतात. त्याआधी हायड्रॉक्सिलअमाइन घालून ग्लुकोज आणि फ्रुक्टोजचं ऑक्झाइम करतात. नाही केलं तर अल्फा, बीटा, पाच अणूंच्या कड्याचं, सहा अणूंच्या कड्याचं अशी एकाच साखरेची अनेक रूपं आलेखावर वेगवेगळे पीक, म्हणजे टोकदार उंचवटे, देतात. ऑक्झाइम केल्यावर प्रत्येकी दोनच उरतात. सुक्रोजला मोकळा कार्बोनिल नाही, त्यामुळे त्याचं ऑक्झाइम होत नाही आणि त्याचा एकच पीक यायला हवा. हा एकच पीक पुढे फार कामाचा ठरला.

महाविद्यालयात कृती अशी चालत होती. फुलाची भुकटी ८० टक्के अल्कोहोलात उकळायची, गाळायची. साधारण २ मिलिग्रॅम साखर येईल एवढा गाळलेला अर्क व्हायलमध्ये घेऊन ६० अंशांवर नायट्रोजनच्या झोताखाली आटवायचा. त्यात अर्धा मिलिलिटर पिरिडिन घालायचं. त्या पिरिडिनमध्ये मिलिलिटरला २५ मिलिग्रॅम हायड्रॉक्सिलअमाइन हायड्रोक्लोराइड आणि अंतर्गत मानक म्हणून, म्हणजे बाकीचे पीक ज्याच्याशी ताडायचे ते, फिनाइल-बीटा-ग्लुकोसाइड आधीच विरघळवलेलं. ७० अंशांवर अर्धा तास, मग थंड करून सिलिल गट देणारं अभिकारक, उत्प्रेरक म्हणून १ टक्का टीएमसीएस मिसळलेलं बीएसटीएफए १०० मायक्रोलिटर, पुन्हा अर्धा तास, आणि इंजेक्शन.

अडचण

एप्रिल-मे मध्ये सगळं सुरळीत होतं. जुलैत साठवलेल्या फुलांचे नमुने लावले तर सुक्रोज एप्रिलच्या मानाने फारच कमी. विद्यार्थिनीला आनंदच झाला, कारण अपेक्षेप्रमाणेच निकाल आला होता. पण मॅडमनी एक चांगली गोष्ट केली: शुद्ध सुक्रोजचं मानक द्रावण त्याच दिवशी, त्याच कृतीने लावून पाहिलं. त्याचाही पीक खाली आला होता. शुद्ध सुक्रोज काही पोत्यात साठवलेलं नव्हतं.

क्रोमॅटोग्राम मोठा करून पाहिला तेव्हा सुक्रोजच्या पीकच्या पायथ्याशी, थोडं आधी, लहान लहान टेकाडं दिसली. मुख्य पीकची मागची बाजू सरळ उतरण्याऐवजी घसरत गेलेली. हे अपुऱ्या सिलिलेशनचं नेहमीचं चित्र आहे. आठपैकी सात गटच झाकले गेले तर उरलेला मोकळा हायड्रॉक्सिल इंजेक्टरमधल्या काचेच्या लायनरला आणि कॉलमला चिकटतो, पीकला शेपूट येतं. काही रेणू तर बाहेर पडतच नाहीत.

अंतर्गत मानकाने हे सांगायला नको होतं का? इथेच ते फसवं होतं. फिनाइल-ग्लुकोसाइडवर फक्त चार हायड्रॉक्सिल आहेत, सुक्रोजवर आठ, त्यातले काही अडचणीच्या जागी. अभिकारक कमी पडलं की मानक पूर्ण झाकलं जातं आणि सुक्रोज अर्धवट राहतं. मानकाचा पीक छान दिसतो, गुणोत्तर मात्र खाली येतं. कागदावर ते हुबेहूब सुक्रोज फुटल्यासारखं दिसतं.

पाणी नेमकं कुठून?

प्रयोगशाळेतल्या परिचर भाऊंचं मत ठाम होतं. "मॅडम, हवाच अशी आहे जी. अंगातलं पाणी निंगून रायलं, बाटलीत काहून नाई जाणार?" बहुतेकांना असंच वाटतं, आणि त्यावरचा पहिला सल्लाही तोच असतो: नायट्रोजनखाली काम करा, ग्लोव्ह बॉक्स घ्या. घेण्याआधी हिशेब करणं बरं.

जुलैतल्या दमट दिवशी घनमीटरभर हवेत २०-२५ ग्रॅम बाष्प असतं. म्हणजे २ मिलिलिटरच्या व्हायलमधल्या सगळ्या हवेत पाणी भरतं जेमतेम ०.०५ मिलिग्रॅम. त्याने काहीच बिघडत नाही. आता पिरिडिन. ५०० मिलिलिटरची बाटली हिवाळ्यात उघडलेली, अर्धी संपलेली, दर दोन दिवसांनी झाकण निघणारं. पिरिडिन पाणी ओढून घेतं आणि पाण्यात कितीही मिसळतं, त्यामुळे डोळ्याला काही कळत नाही. त्यात अर्धा टक्का पाणी शिरलं असं धरलं तर अर्ध्या मिलिलिटरमधून व्हायलमध्ये जवळपास २.५ मिलिग्रॅम पाणी जातं. हवेतल्या पाण्याच्या पन्नासपट.

तिसरी जागा म्हणजे नमुना स्वतः. ८० टक्के अल्कोहोल आटवताना अल्कोहोल आधी उडतं आणि पाणी मागे राहतं. साखरेचा पाक ते धरून बसतो. विद्यार्थिनी जिला "कोरडं" म्हणत होती ती व्हायल तिरकी केली तर तळातला थर हळूच सरकत होता. खरं कोरडं झालं की तोच थर काचेसारखा तडकलेला दिसतो आणि तिरकं केलं तरी जागचा हलत नाही. त्या सरकणाऱ्या व्हायल वजन करून फॉस्फरस पेंटॉक्साइडवर निर्वात डेसिकेटरमध्ये रात्रभर ठेवल्या. सकाळी वजन दोनेक मिलिग्रॅमने उतरलं होतं. जेवढी साखर, जवळजवळ तेवढंच पाणी.

आता पुरवठा आणि मागणी मांडू. १०० मायक्रोलिटर बीएसटीएफए म्हणजे साधारण ३७० मायक्रोमोल. प्रत्येक रेणूत दोन सिलिल गट असतात. पहिला सहज सुटतो, दुसरा आळसाने. म्हणजे ३७० सिलिल गट खात्रीचे आणि फार तर ७४०.

मागणीत साखर सगळ्यात लहान आहे: २ मिलिग्रॅमला ६५ च्या आसपास. त्याहून मोठा गिऱ्हाईक हायड्रॉक्सिलअमाइन, १२.५ मिलिग्रॅम, म्हणजे किमान १८० गट. याची आठवण कुणाला राहत नाही. ऑक्झाइम होताना दर रेणूमागे एक पाणीही सुटतं, त्याचे आणखी २०-२२ धरा. आणि बाहेरून आलेलं पाणी तर दुप्पट खातं, कारण एका पाण्याच्या रेणूला दोन सिलिल गट लागून हेक्झामिथाइलडायसिलॉक्सेन होतं. १ मिलिग्रॅम पाणी म्हणजे ११० गट गेले.

एकूण काय, सगळं कोरडं असेल तर मागणी २७० च्या आत राहते आणि ३७० पुरतात. जुनं पिरिडिन एकटं असेल तर ५४०, ओला पाक एकटा असेल तर ४९०. दोन्ही वेळा दुसऱ्या, आळशी गटावर भिस्त. दोन्ही एकत्र आले की ७६०. तिजोरीच रिकामी.

हे कागदावरचं झालं. मॅडमनी ते चार व्हायलवर तपासलं: नवं पिरिडिन आणि जुनं, कोरडं मानक आणि ओला पाक, अशा चारही जोड्या. नव्या पिरिडिनात कोरडं मानक घातलं तेव्हा सुक्रोजचा पीक स्वच्छ आला. मधल्या दोन जोड्यांत पायथ्याशी किंचित खळबळ दिसली, पण एरवी कुणी लक्षही दिलं नसतं अशी. जुनं पिरिडिन आणि ओला पाक एकत्र आले तिथे मात्र पीक कोसळला. महिनाभर दोषी सापडत नव्हता त्याचं कारण हेच. बाटली बदलली की थोडं सुधारायचं, नमुना जास्त वाळवला की थोडं सुधारायचं, आणि प्रत्येक वेळी वाटायचं की खरं कारण भलतंच आहे.

एक खूण एफआयडीवर फुकटात मिळते, ती सांगून टाकतो. ओव्हन ५० अंशांपासून सुरू केला तर पिरिडिनच्या अगोदर हेक्झामिथाइलडायसिलॉक्सेनचा पीक वेगळा दिसतो. तो उत्कलनबिंदूला पिरिडिनपेक्षा खाली आहे. तो वाढला की समजायचं, अभिकारकाने पाणी खाल्लंय. नेहमीच्या पद्धतीत ओव्हन वरून सुरू होतो आणि हा पीक विद्रावकाच्या लोंढ्यात बुडून जातो.

कोणते पर्याय तोलले

बीएसटीएफए दुप्पट-तिप्पट करायचं, हा पहिला विचार. चाललं असतं, पण ते महाग, लहान अॅम्प्यूलमध्ये येतं, आणि पावसात मागवलेली पेटी इथे पोचेपर्यंत किती दिवस ती गरम गोदामात पडली ते कळत नाही.

ट्रायमिथाइलसिलिलइमिडाझोल हा दुसरा. साखरेसाठी तो फार जोरकस आहे आणि थोड्या पाण्यालाही जुमानत नाही. किंमत मात्र तीच अडचण, शिवाय मागे उरणारं इमिडाझोल क्रोमॅटोग्राममध्ये दिसतं.

तिसरा पर्याय जीसी सोडून देण्याचा होता, आणि मला तो अजिबात कमीपणाचा वाटत नाही. फेलिंगच्या द्रावणाचं लेन-आयनन टायट्रेशन कुठल्याही महाविद्यालयात होतं. आम्ल घालून साखर फोडण्याआधी आणि नंतर टायट्रेशन केलं की फरकातून सुक्रोज निघतं. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज वेगळे कळत नाहीत, एवढंच. मॅडमनी ते मुख्य पद्धत म्हणून नाही, पण साक्षीदार म्हणून ठेवलं.

निवड झाली चौथ्याची: हेक्झामिथाइलडायसिलाझेन, म्हणजे एचएमडीएस, आणि उत्प्रेरक म्हणून ट्रायफ्लुओरोअॅसिटिक आम्ल. हे काही नवं नाही. ब्रॉब्स्ट आणि लॉट यांनी १९६६ साली मक्याच्या साखरपाकासाठी हीच जोडी वापरली, कारण पाकात पाणी असणारच होतं. पाणी टाळायचं नसून ते खाऊनही पुरून उरेल एवढं अभिकारक घालायचं, असा हा विचार. ०.४५ मिलिलिटर एचएमडीएसमध्ये सिलिल गट चार हजार मायक्रोमोलच्या वर भरतात, आणि ते बीएसटीएफएच्या मानाने स्वस्त पडतं.

या निवडीला किंमत आहे. एवढं सिलिकॉन ज्वालेत गेलं की एफआयडीच्या जेटवर सिलिकाची पांढरी राख जमते, आधाररेषा खडबडीत होते आणि डिटेक्टर वरचेवर साफ करावा लागतो. आम्ल असल्याने लायनरही लवकर बदलावा लागतो. महिन्यात शेकडो नमुने लावणाऱ्या प्रयोगशाळेला मी हे सुचवणार नाही. इथे नमुने थोडे होते.

काय केलं

आटवण्याच्या पायरीत एक भर घातली. अर्क आटल्यावर व्हायलमध्ये अर्धा मिलिलिटर निर्जल अल्कोहोल घालून पुन्हा आटवायचं, आणि थर तडकलेला दिसेपर्यंत तेच करायचं. नंतर डेसिकेटर. डेसिकेटरमधली सिलिका कधीची गुलाबी झाली होती. ती ११० अंशांवर निळी होईपर्यंत भाजून घेतली.

पिरिडिनची नवी बाटली उघडल्याच दिवशी लहान बाटल्यांत वाटली, प्रत्येकीत भाजलेली ३ अँगस्ट्रॉमची मॉलिक्युलर सिव्ह. ती ३०० अंशांवर मफल भट्टीत तापवावी लागते. साध्या ओव्हनमध्ये ११० अंशांवर ठेवून ती नीट कोरडी होत नाही. एका वेळी एकच लहान बाटली वापरायची. बाकीच्या बंद.

तिसरा बदल जागेचा. फ्रीजमधून काढलेली अभिकारकाची बाटली लगेच उघडायची नाही, ती खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण जीसीची खोली एसीमुळे २० अंशांवर आणि ओली प्रयोगशाळा ३१-३२ वर. बाहेरच्या हवेचा दवबिंदू पावसाळ्यात २४-२५ च्या घरात. एसीच्या खोलीत ठेवलेली व्हायल बाहेर आणून उघडली की काचेवर, आतूनही, दव धरतं. भाऊंनी व्हायलला बोट लावून दाखवलं तेव्हा बोट ओलं झालं. त्यांच्या म्हणण्यातलं तथ्य इथे होतं: हवेतलं पाणी हवा म्हणून त्रास देत नव्हतं, थंड काचेवर पाणी होऊन देत होतं. मग झाकण उघडण्याची सगळी कामं एसीच्या खोलीत हलवली, फ्युम हूडमध्ये होणारं आम्ल घालणं तेवढं सोडून. आणि आम्ल घालण्यासाठी व्हायल आधी बंद झाकणाने बाहेर ठेवून गरम होऊ द्यायची. लाईन गेली की काम थांबवायचं, कारण एसीही जातो.

नवीन कृतीत ऑक्झाइमची पायरी तशीच राहिली. थंड झाल्यावर आधी ०.४५ मिलिलिटर एचएमडीएस, मग हूडमध्ये थेंबाथेंबाने ५० मायक्रोलिटर आम्ल. धूर येतो, व्हायल तापते, अमोनिया सुटतो. झाकण लगेच आवळायचं नाही. अर्धा मिनिट हलवून अर्धा तास ठेवायचं. तळाशी पांढरा साका बसतो. पहिल्या दिवशी विद्यार्थिनीने तो पाहून व्हायल फेकायला काढली होती, पाणी लागलं असं समजून. तो साका अमोनियम ट्रायफ्लुओरोअॅसिटेटचा असतो आणि यायलाच हवा. वरचं निवळ द्रव काढून घ्यायचं. साका सिरिंजमध्ये आला तर सुई तुंबते.

किती वेळ टिकतं

जुलैच्या धावपळीत एक तयार व्हायल सकाळी टोचायची, संध्याकाळी टोचायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा टोचायची, असं चालत होतं. त्यातून टिकाऊपणाबद्दल काहीच सिद्ध होत नाही. झाकणातल्या सेप्टमला एकदा भोक पडलं की दमट हवा आत आणि विद्रावक बाहेर, म्हणजे आपण रेणू किती टिकतो ते मोजत नसून भोक किती मोठं आहे ते मोजतो.

म्हणून एकाच व्हायलमधलं द्रव अनेक लहान व्हायलमध्ये वाटलं. काही एकदाच टोचायच्या: एक लगेच, एक सहा तासांनी, एक दुसऱ्या दिवशी, एक तिसऱ्या. एक मात्र मुद्दाम प्रत्येक वेळी टोचायची. सगळ्यांत थोडा टेट्राकोसेन, २४ कार्बनची सरळ साखळी. त्यावर हायड्रॉक्सिल नाही, त्यामुळे पाण्याशी त्याला देणंघेणं नाही. टेट्राकोसेनसकट सगळेच पीक खाली आले तर इंजेक्शन चुकलं. टेट्राकोसेन जागेवर आणि साखर खाली, तर साखरेचा सिलिल गट सुटतोय. हा फरक फिनाइल-ग्लुकोसाइडवरून कधीच कळला नसता, कारण तोही सिलिलेटेडच.

एकदाच टोचलेल्या व्हायलमध्ये सुक्रोजचं टेट्राकोसेनशी गुणोत्तर तिसऱ्या दिवसापर्यंत इंजेक्शनच्या नेहमीच्या चढउतारातच राहिलं. वारंवार टोचलेलीत दुसऱ्या दिवशी सुक्रोज घसरलं, ग्लुकोज त्या मानाने कमी घसरलं. हेही अपेक्षित. सुक्रोजवर तीन प्राथमिक जागा आहेत, तिथले सिलिल गट पाण्याला आधी बळी पडतात, आणि आठांतला एक जरी सुटला तरी तो रेणू आपल्या पीकमधून गेला. मॅडमनी नियम केला: सिलिलेशननंतर २४ तासांत इंजेक्शन, आणि टोचलेली व्हायल पुन्हा वापरायची नाही. माझ्या मते ४८ तासही चालले असते, पण लाईनचा भरवसा नसलेल्या ठिकाणी त्यांचा आकडा शहाणपणाचा.

निकाल

सुदैवाने मूळ अर्क फेकलेले नव्हते. उकळत्या अल्कोहोलात सुक्रोज फोडणारं इन्व्हर्टेज मरतं आणि अर्क फ्रीजरमध्ये होते, त्यामुळे एप्रिल आणि जुलै दोन्ही नव्या कृतीने पुन्हा लावता आले. एप्रिलचे आकडे जवळपास तेच आले. जुलैचं सुक्रोज पहिल्यापेक्षा बरंच वर गेलं, पण एप्रिलइतकं नाही. टायट्रेशननेही हेच सांगितलं. म्हणजे साठवणीत सुक्रोज खरंच फुटत होतं. पहिल्या क्रोमॅटोग्रामने ते फुगवून दाखवलं होतं.

बचत गटाला उत्तर मिळालं ते असं: पाक करायचा असेल तर फुलं पावसाआधी वापरा, ठेवायचीच तर कडक वाळवून हवाबंद डब्यात.

वेगळं काय करता आलं असतं

मूळ कृती कुठून आली ते विचारलं तेव्हा कळलं की ती चयापचय अभ्यासातली होती. तिथे नमुना मायक्रोग्रॅमचा आणि पिरिडिन अगदी थोडं असतं. इथे नमुना आणि पिरिडिन वाढवले गेले, अभिकारक मात्र तेवढंच राहिलं. सिलिल गटांची बेरीज त्याच दिवशी मांडली असती तर एप्रिलचे निकाल चांगले दिसत असतानाही कळलं असतं की कृती काठावर चालली आहे.

शुद्ध सुक्रोजचं मानक रोज, नमुन्यासारखंच ८० टक्के अल्कोहोलातून आटवून लावायला हवं होतं. कोरडी भुकटी थेट पिरिडिनात विरघळवलेलं मानक ओल्या पाकाची चूक पकडत नाही. आता तसंच लावतात, आणि त्या दिवशीच्या सुक्रोजच्या पीकचा पायथा मोठा करून वहीत चिकटवतात.

मॅडमना पुढे याच फुलांतली अमिनो आम्लं बघायची आहेत, पाक काळा पडण्यात त्यांचाही हात असतो म्हणून. तिथे एचएमडीएसची ही कृती उचलून चालणार नाही. नायट्रोजनवरचा ट्रायमिथाइलसिलिल गट ऑक्सिजनवरच्यापेक्षा फार लवकर सुटतो, आणि एकाच अमिनो आम्लाचे एक, दोन किंवा तीन गट बसलेले वेगवेगळे पीक येतात. तिथे टर्शरी-ब्युटाइलडायमिथाइलसिलिल गट बसवणारं एमटीबीएसटीएफए घ्यावं लागेल, जे पाण्याला बरंच जास्त तोंड देतं. नमुना मात्र तेव्हा आम्लाच्या पाण्यातून येईल, अल्कोहोलातून नाही, म्हणून आटवण्याची पायरी त्यांनी आत्तापासूनच वेगळी तपासायला घेतली आहे.